मागच्या वर्षांची चूक आत्ता सापडली, तर ती ह्या वर्षीच्या नफ्यावर का मारू नये आणि ओपनिंग रिटेन्ड अर्निंग्जमध्ये कशी न्यायची

ऑडिट झालं, सह्या झाल्या, एजीएम झाली, एमसीएवर फॉर्म भरून झाले आणि मग कोणीतरी सहा महिन्यांनी एखादी फाईल उघडतो आणि म्हणतो, अरे हे तर तीन वर्षांपूर्वीच बुक व्हायला पाहिजे होतं. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मग पहिला विचार ठरलेला असतो, "टाकून दे ना रे ह्याच वर्षात, कोण बघतंय". बघणारे असतात, पण त्याहून मोठा प्रॉब्लेम असा की ह्या वर्षीचा नफा उगाच मार खातो आणि मागच्या वर्षांचा नफा खोटा तसाच राहतो.

मी इथे एकच केस घेतोय आणि ती शेवटपर्यंत सोडवतोय, कारण सगळे प्रकार थोडे थोडे सांगितले की एंट्री करायच्या वेळी काहीच आठवत नाही. केस डेप्रिसिएशनची, कारण ही चूक दरवर्षी साठत जाते आणि ती नीट समजली की बाकीच्या चुका त्यामानाने सोप्या वाटतात.

आधी हे बघा की हा नियम तुम्हाला लागू तरी आहे का

हे न बघता लोक थेट एंट्रीवर उडी मारतात म्हणून आधी सांगतो. चूक ओपनिंग रिटेन्ड अर्निंग्जमध्ये, म्हणजे मागून साठत आलेल्या नफ्याच्या सुरुवातीच्या शिलकेत, न्यायची पद्धत इंड एएस 8 ह्या अकाउंटिंग स्टँडर्डची आहे. इंड एएस लागू होतं एसएमई एक्सचेंजवरच्या सोडून बाकी लिस्टेड कंपन्यांना, 250 कोटी किंवा जास्त नेटवर्थ असलेल्या अनलिस्टेड कंपन्यांना आणि अशा कंपन्यांच्या होल्डिंग, सबसिडिअरी, असोसिएट, जॉइंट व्हेंचर कंपन्यांना (बँका, एनबीएफसी वगैरेंचं वेगळं आहे, ते इथे नको). तुमची वेंगुर्ल्याला काजू फॅक्टरी आहे, पार्टनरशिप किंवा छोटी प्रायव्हेट लिमिटेड, कुठल्या मोठ्या ग्रुपचा भाग नाही, तर तुम्हाला जुनं एएस 5 लागू आणि तिथे नियम उलटा आहे. मागच्या वर्षाची चूक ह्याच वर्षीच्या नफा तोटा पत्रकात येते, फक्त वेगळी ओळ करून दाखवायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा ह्या वर्षीचा खर्च नाही. तिथे ओपनिंग रिझर्व्हला हात लावलात तर ऑडिटर परत पाठवणार आणि त्याचं बरोबरच असणार.

आपल्याकडे गंमत अशी होते की युनिट लहान असतं पण मालक मोठा असतो. समजा रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आंबा पल्प आणि फ्रोझन फळांची एक कंपनी आहे, माणसं चाळीस, सीझन अडीच महिन्यांचा, पण शेअर्स एका लिस्टेड फूड कंपनीकडे. ती सबसिडिअरी, त्यामुळे साईझ काही असो, इंड एएस लागू. कंपनी काल्पनिक आहे, आकडे मी सोपे ठेवलेत, पण असं युनिट कोकणात अजिबात नवलाचं नाही.

केस काय आहे

कंपनीने 2021-22 मध्ये 60 लाखांचा ब्लास्ट फ्रीझर बसवायला घेतला. काम चालू असताना खर्च कॅपिटल वर्क इन प्रोग्रेसमध्ये जमा होत गेला, जे बरोबरच. 1 एप्रिल 2022 ला फ्रीझर सुरू झाला, कमिशनिंग रिपोर्टवर सही आहे, त्या सीझनचा माल त्यातूनच गेला, लाइटबिल वाढलेलं दिसतं. पण अकाउंट्समध्ये कोणी तो सीडब्ल्यूआयपीमधून काढून फिक्स्ड अॅसेटमध्ये टाकलाच नाही. अॅसेट नाही म्हणजे डेप्रिसिएशन नाही. तीन वर्षं फ्रीझर चालला आणि पुस्तकात तो अजून "बांधकाम चालू" होता.

सापडलं कसं, तर सीडब्ल्यूआयपीच्या एजिंग टेबलवरून. शेड्यूल III मध्ये आता सीडब्ल्यूआयपी किती जुनं आहे ते रकान्यांत दाखवावं लागतं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नवीन आलेल्या अकाउंट्स मॅडमनी विचारलं, की हे 60 लाख "तीन वर्षांपेक्षा जास्त" मध्ये काय करतायत, प्रोजेक्ट कुठला अडकलाय? प्रॉडक्शनवाले म्हणाले, कुठला प्रोजेक्ट, फ्रीझर तर रोज चालतोय. तुमच्याकडे सीडब्ल्यूआयपी असेल तर हे टेबल नुसतं भरून देऊ नका, एकदा खाली शेडमध्ये जाऊन बघून या.

पायरी एक: ही खरंच चूक आहे का, की अंदाज बदललाय

पुढचा सगळा रस्ता ह्यावर ठरतो. इंड एएस 8 च्या भाषेत चूक म्हणजे त्या वर्षीचे अकाउंट्स मंजूर झाले त्या दिवशी जी माहिती उपलब्ध होती, किंवा थोडे कष्ट घेतले असते तर मिळाली असती, ती वापरली नाही किंवा चुकीची वापरली. गणिताची चूक, नियम चुकीचा लावणं, एखादी गोष्ट नजरेतून सुटणं, फ्रॉड, हे सगळं त्यात येतं. इथे कमिशनिंग रिपोर्ट एप्रिल 2022 मध्येच फाईलला होता, म्हणजे माहिती होती, वापरली नाही, म्हणून चूक.

आता हेच थोडं बदलून बघा. फ्रीझर वेळेवर कॅपिटलाइज केला, आयुष्य 15 वर्षं धरलं, आणि तीन वर्षांनी लक्षात आलं की खाऱ्या हवेने कॉइल आणि बाहेरचं युनिट इतकं गंजलंय की एकूण 10 वर्षांपेक्षा जास्त काही चालणार नाही. ही चूक नाही. 2022 मध्ये प्रामाणिकपणे 15 वर्षं वाटली होती, आता अनुभवाने अंदाज बदलला. अंदाज बदलला की मागे जायचं नाही, उरलेली किंमत उरलेल्या सात वर्षांत वाटायची आणि तो परिणाम आजच्या आणि पुढच्या नफ्यावर येऊ द्यायचा. समुद्राकाठच्या प्लांटमध्ये हा गोंधळ फार होतो, गंजलेलं मशीन बघून कोणीतरी म्हणतो मागचं डेप्रिसिएशन कमी पडलं, ओपनिंगला मारू. नाही मारायचं.

मी स्वतः एक प्रश्न विचारतो: सही झाली त्या दिवशी कागद होता का? होता किंवा मागितला असता तर मिळाला असता, तर चूक. कागद नंतर जन्माला आला तर अंदाज. अगदी शंभर टक्के केसेसमध्ये हे पुरत नाही पण बहुतेकवेळा पुरतं. आणि अकाउंटिंग पॉलिसी बदलली की अंदाज हे कळत नसेल तर स्टँडर्ड म्हणतं की तो अंदाजातला बदल म्हणून धरा, पण चूक की अंदाज ह्या प्रश्नाला ती सवलत नाही.

पायरी दोन: मोठी आहे की छोटी

रिस्टेटमेंट, म्हणजे मागचे आकडे दुरुस्त करून पुन्हा छापणं, ही मटेरिअल चुकीसाठी असते, म्हणजे वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल एवढ्या मोठ्या चुकीसाठी. तीन हजाराचं कुरिअर बिल मागच्या वर्षाचं निघालं म्हणून कोणी तीन ताळेबंद छापत नाही, ते ह्या वर्षीच्या खर्चात जातं आणि विषय संपतो.

फ्रीझरचं बघू. किंमत 60 लाख, 5 टक्के स्क्रॅप व्हॅल्यू म्हणजे 3 लाख बाजूला, उरले 57 लाख, आयुष्य 15 वर्षं, वर्षाला 3,80,000. तीन वर्षांचे 11,40,000. कंपनीचा 2024-25 चा करपूर्व नफा 42 लाख दाखवलेला होता. म्हणजे ते वर्ष एकटं घेतलं तर दाखवलेल्या नफ्यातले साधारण 9 टक्के फुगवलेले, आणि सगळे 11.4 लाख ह्या वर्षात ओतले तर ह्या वर्षीचा नफा पाव भागाहून जास्त खाली येणार, सीझन कितीही चांगला गेला असला तरी. मटेरिअल आहे, वाद नको. टक्का थोडा कमी असला तरी नेचर बघावं लागतं. समजा त्या 9 टक्क्यांमुळेच बँकेची एखादी अट पाळली गेली किंवा मॅनेजरचा बोनस बसला, तर छोटा आकडासुद्धा मोठा होतो.

पायरी तीन: वर्षवार टेबल, एंट्रीच्या आधी

एंट्री करायची घाई करू नका. आधी एक्सेलमध्ये एक शीट, वर्षं उभी, आणि प्रत्येक वर्षात डेप्रिसिएशन, त्यावरचा टॅक्स आणि निव्वळ परिणाम. टॅक्स मी 25 टक्के धरतोय हिशोब सोपा राहावा म्हणून, तुम्ही तुमचा खरा रेट घ्या (कलम 115बीएए चा सवलतीचा रेट घेतलेल्या कंपन्यांना तो 25.168 बसतो).

2022-23: डेप्रिसिएशन 3,80,000, टॅक्स 95,000, निव्वळ 2,85,000
2023-24: तेवढंच
2024-25: तेवढंच

आता टॅक्सच्या रकान्यात नेमकं काय चाललंय ते समजून घ्या, कारण निम्मे लोक इथे अडकतात. आपल्या केसमध्ये टॅक्सवाल्या सीएने फ्रीझर "वापरात आला" म्हणून इन्कमटॅक्सच्या ब्लॉकमध्ये 2022-23 पासूनच घेतला होता, त्यांचं शीट वेगळं चालतं, आणि रिटर्नमध्ये डेप्रिसिएशन क्लेम झालेलं आहे. म्हणजे भरलेला टॅक्स बरोबर होता, करंट टॅक्स बदलत नाही. बदलतो डेफर्ड टॅक्स. पुस्तकात फ्रीझर 60 लाखाला उभा, टॅक्समध्ये त्याची किंमत दरवर्षी घसरतेय, त्या फरकावर डेफर्ड टॅक्स लायबिलिटी काढलेली. पुस्तकातली किंमत 11.4 लाखाने उतरली की फरक कमी झाला, लायबिलिटी 2,85,000 ने कमी. म्हणून निव्वळ फटका 11,40,000 वजा 2,85,000, म्हणजे 8,55,000.

टॅक्समध्येही क्लेम राहून गेला असेल तर गोष्ट वेगळी, मग टॅक्सवाल्यांशी बसा, कारण कलम 32 मध्ये डेप्रिसिएशन क्लेम केलं नाही तरी ते मिळालं असंच धरतात, आणि जुनी रिटर्न्स रिवाइज करायची मुदत बहुतेकदा निघून गेलेली असते. "पुस्तकात दुरुस्त केलं म्हणजे टॅक्स परत मिळेल" असं डायरेक्टरला सांगून बसू नका.

अजून एक गोष्ट टेबलमध्ये बघायची, ती म्हणजे स्टॉक. फ्रीझर प्रॉडक्शनमध्ये वापरला जातो म्हणून त्याचं डेप्रिसिएशन मालाच्या कॉस्टमध्ये जायला हवं आणि 31 मार्चला जो माल शिल्लक आहे त्यात त्याचा थोडा वाटा अडकलेला असायला हवा. आंब्याच्या युनिटला हे फार जड जात नाही, कारण मार्चअखेर गोडाऊन जवळजवळ रिकामं असतं, मागच्या सीझनचा माल गेलेला आणि नवीन आंबा नुकता सुरू होतोय, म्हणून आपण हा परिणाम सोडून देतोय. पण फ्रीझरमध्ये मासळी किंवा वर्षभर विकायचा माल असेल आणि मार्चला स्टॉक भरलेला असेल तर तो वाटा काढावाच लागेल, आणि मग निव्वळ परिणाम 8,55,000 पेक्षा थोडा कमी येईल.

पायरी चार: कुठल्या तारखेपासून मागे जायचं

आता आपण 2025-26 चे अकाउंट्स करतोय. त्यात शेजारी 2024-25 चे आकडे छापले जातात. म्हणजे ज्या सगळ्यात जुन्या वर्षाचे आकडे आपण दाखवतोय ते 2024-25, आणि ते वर्ष सुरू होतं 1 एप्रिल 2024 ला. नियम असा, की जी चूक छापलेल्या वर्षात झाली ती त्या वर्षाच्या आकड्यांत दुरुस्त करायची, आणि जी त्याच्याही आधी झाली ती त्या सुरुवातीच्या तारखेच्या शिलकेत.

म्हणून 8,55,000 चे दोन तुकडे होतात. 2022-23 आणि 2023-24 चे मिळून 5,70,000, हे 1 एप्रिल 2024 च्या रिटेन्ड अर्निंग्जमधून जातात. 2024-25 चे 2,85,000, हे 2024-25 च्या नफा तोटा पत्रकातच जातात, डेप्रिसिएशन वाढवून आणि डेफर्ड टॅक्स कमी करून. लोक काय करतात, पूर्ण 8,55,000 उचलतात आणि 1 एप्रिल 2025 च्या ओपनिंगला एक ओळ टाकून मोकळे होतात, आणि 2024-25 चा रकाना जसा छापला होता तसाच ठेवतात. शेवटची शिल्लक जुळते म्हणून कोणाला कळत नाही, पण शेजारचा करानंतरचा नफा अजून 31.5 लाखच दिसतोय, तो खोटा आहे, आणि ज्या तुलनेसाठी एवढा खटाटोप केला ती तुलनाच बिघडली.

पायरी पाच: पुस्तकातली एंट्री

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा, लेजरमधली एंट्री वेगळी आणि छापलेल्या स्टेटमेंटमधली मांडणी वेगळी. बंद झालेल्या वर्षांची पुस्तकं आपण उघडत नाही. लेजरमध्ये 1 एप्रिल 2025 च्या तारखेला एकदाच एंट्री होते:

प्रॉपर्टी प्लांट इक्विपमेंट, ब्लास्ट फ्रीझर, डेबिट 60,00,000
कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस, क्रेडिट 60,00,000

रिटेन्ड अर्निंग्ज, मागील वर्षांची चूक, डेबिट 8,55,000
डेफर्ड टॅक्स लायबिलिटी, डेबिट 2,85,000
अॅक्युम्युलेटेड डेप्रिसिएशन, ब्लास्ट फ्रीझर, क्रेडिट 11,40,000

टॅलीत करणार असाल तर `F7` ने जर्नल, आणि रिटेन्ड अर्निंग्जसाठी `Reserves & Surplus` ग्रुपखाली एक वेगळं लेजर बनवा, नाव काहीही द्या पण "मागील वर्षांची चूक" हे कळलं पाहिजे. घात होतो तो ग्रुप निवडताना, कोणीतरी सवयीने ते लेजर `Indirect Expenses` खाली बनवतं आणि 8,55,000 गपचूप ह्या वर्षीच्या नफ्यात जाऊन बसतात. एंट्री केल्यावर लगेच नफा तोटा पत्रक उघडून बघा, एंट्रीच्या आधीचा आणि नंतरचा नफा एकच आला पाहिजे. एक रुपया हलला तरी ग्रुप चुकलाय.

नॅरेशनमध्ये कमिशनिंग रिपोर्टची तारीख, वर्कशीटचा रेफरन्स आणि बोर्डाने कधी मंजूर केलं ते लिहा, दोन ओळी जास्त झाल्या तरी चालतील.

ह्यानंतर 2025-26 चं डेप्रिसिएशन 3,80,000 नेहमीसारखं ह्या वर्षीच्या नफ्यात जाणार. ते चुकीचा भाग नाही, तो ह्या वर्षीचा खरा खर्च आहे. 31 मार्च 2026 ला फ्रीझर 44,80,000 ला उभा दिसेल. काही जण उत्साहात चार वर्षांचं सगळंच ओपनिंगला मारून टाकतात, म्हणजे ह्या वर्षीचा नफा चांगला दिसतो. ती मग नवीन चूक.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे टॅलीत मागे जाऊन 31 मार्च 2023, 2024, 2025 ला डेप्रिसिएशनच्या एंट्र्या घालणं. सॉफ्टवेअर अडवत नाही, ओपनिंग आपोआप बदलतं, सगळं छान जुळतं, फक्त सही झालेल्या ताळेबंदाशी जुळत नाही. आणि 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, एडिट लॉगमध्ये कोणी कधी काय केलं ते राहतं. तपासायचं असेल तर सोपं आहे, टॅलीत 31 मार्च 2025 चा ताळेबंद काढा आणि सही केलेल्या पीडीएफशी ओळ ओळ लावून बघा. आपल्या पद्धतीने केलं असेल तर तो आजही जुन्या आकड्यांसकट तसाच जुळला पाहिजे.

जुने फाईल केलेले अकाउंट्स पुन्हा भरायची गरज ह्या मार्गात नसते. कंपनी कायद्याच्या कलम 131 खाली डायरेक्टर मागच्या तीनपैकी एखाद्या वर्षाचे अकाउंट्स ट्रिब्युनलच्या परवानगीने रिवाइज करू शकतात, पण ती वेगळी आणि लांबची वाट आहे, आपल्यासारख्या केसला सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

पायरी सहा: छापायचं कसं

2024-25 चा रकाना आता असा होतो. करपूर्व नफा 42,00,000 होता तो 38,20,000. टॅक्स 10,50,000 होता तो 9,55,000, त्यातला करंट टॅक्स तोच, डेफर्डचा भाग 95,000 ने कमी. निव्वळ नफा 31,50,000 चा 28,65,000. शेअर एक लाख असतील तर ईपीएस 31.50 वरून 28.65. रकान्याच्या डोक्यावर "रिस्टेटेड" लिहायचं.

स्टेटमेंट ऑफ चेंजेस इन इक्विटीमध्ये रिटेन्ड अर्निंग्जचा रकाना वरून खाली असा वाचला जातो:

1 एप्रिल 2024, आधी दाखवलेली शिल्लक 1,40,00,000
मागील वर्षांच्या चुकीची दुरुस्ती, कराचा परिणाम धरून, वजा 5,70,000
1 एप्रिल 2024, रिस्टेटेड शिल्लक 1,34,30,000
2024-25 चा रिस्टेटेड नफा 28,65,000
31 मार्च 2025, रिस्टेटेड शिल्लक 1,62,95,000

आता ताळा करा. आधी छापलेली 31 मार्च 2025 ची शिल्लक 1,71,50,000 होती, त्यातून 8,55,000 वजा केले की 1,62,95,000. लेजरमधल्या एका एंट्रीने जिथे पोचलो तिथेच मांडणीचे दोन तुकडेही पोचले. हे जुळत नसेल तर कुठेतरी एक वर्ष दोनदा धरलंय किंवा टॅक्स विसरलाय, जवळजवळ नेहमी ह्या दोनपैकीच एक. 2025-26 च्या भागात दुरुस्तीची ओळ येत नाही, तो 1,62,95,000 नेच सुरू होतो.

शेड्यूल III च्या इंड एएसवाल्या फॉरमॅटमध्ये प्रायर पिरियड एररची ओळ आधीच दिलेली आहे, तीच वापरा. ही रक्कम ओसीआयमध्ये, म्हणजे अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कममध्ये, घालू नका, एक्सेप्शनल आयटममध्येही नाही, दोन्ही ठिकाणी टाकलेलं मी पाहिलंय.

ताळेबंद आता तीन तारखांचे लागतात, 31 मार्च 2026, 31 मार्च 2025 रिस्टेटेड आणि 1 एप्रिल 2024 रिस्टेटेड. तिसऱ्याच्या सगळ्या नोट्स द्याव्या लागत नाहीत, पण ताळेबंद हवा. फिक्स्ड अॅसेटच्या नोटमध्ये मागच्या वर्षाचं टेबलसुद्धा बदलतं, ग्रॉस ब्लॉक 60 लाखाने वाढतो, सीडब्ल्यूआयपी तेवढाच कमी होतो, आणि मागच्या वर्षाचं एजिंग टेबलही दुरुस्त होतं. ही शेवटची गोष्ट हटकून राहते. कॅश फ्लोमध्ये नफा 3.8 लाखाने कमी आणि डेप्रिसिएशन 3.8 लाखाने जास्त, एकूण ऑपरेटिंग कॅश तीच. ती बदलली तर समजायचं फॉर्म्युला तुटलाय, कारण ह्या चुकीत रोख एक रुपया हललेला नाही.

मग डिस्क्लोजर नोट. त्यात चूक काय होती, 2024-25 च्या प्रत्येक ओळीवर किती परिणाम झाला, ईपीएसवर किती, आणि 1 एप्रिल 2024 ला किती दुरुस्ती, एवढं यायला हवं. शब्द फुलवू नका. असं चालतं: "कंपनीचा ब्लास्ट फ्रीझर 1 एप्रिल 2022 पासून वापरात असूनही तो कॅपिटल वर्क इन प्रोग्रेसमध्ये दाखवला गेला होता व त्यावर घसारा आकारला गेला नव्हता. ही चूक इंड एएस 8 नुसार मागील आकड्यांत दुरुस्त केली आहे." आणि खाली टेबल, आधीचा आकडा, दुरुस्ती, रिस्टेटेड आकडा. ही नोट पुढच्या वर्षी परत छापायची गरज नसते.

कधीकधी मागचं काढताच येत नाही, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या स्टॉकची चूक आहे आणि मोजणीचे कागदच नाहीत, तेव्हा जिथपासून शक्य तिथपासून दुरुस्त करायचं आणि का शक्य नाही ते नोटमध्ये लिहायचं. डेप्रिसिएशनला मात्र ही सबब चालत नाही, तारीख आणि किंमत असली की तीन मिनिटांचा हिशोब आहे.

ज्यांना कळवायचं ते

ऑडिटरला नोव्हेंबरमध्येच सांगा, मेमध्ये फायनल ऑडिटला नको. त्यांना मागच्या आकड्यांचं काम परत बघावं लागतं, रिपोर्टमध्ये बहुधा नोटकडे लक्ष वेधणारा परिच्छेद येईल, आणि इंटर्नल कंट्रोलवरही ते बोलणार, कारण चालू मशीन तीन वर्षं सीडब्ल्यूआयपीत राहतं म्हणजे कॅपिटलायझेशनची पद्धतच नाहीये. प्रत्येक क्वार्टरला सीडब्ल्यूआयपीची यादी प्रॉडक्शन हेडकडून सही करून घ्यायला लागा, ऑडिटर आधी हेच विचारणार.

मुंबईच्या होल्डिंग कंपनीलाही कळवा. त्यांच्या लेव्हलला 8.55 लाख म्हणजे काहीच नाही, ते कन्सॉलिडेटेडमध्ये कदाचित ह्याच वर्षीच्या नफ्यात घेतील आणि ते चुकीचं नाही, मटेरिअलिटी प्रत्येक रिपोर्टिंग एंटिटीची वेगळी. पण मग तुमच्या स्वतंत्र अकाउंट्समध्ये ते ओपनिंगला आणि ग्रुप पॅकमध्ये चालू नफ्यात, हा फरक एका शीटवर लिहून ठेवा, नाहीतर मार्चला दोन्हीकडचे लोक एकमेकांना फोन करत बसतील.

आणि बँक. डीएससीआर, म्हणजे कर्जाचे हप्ते फेडायची ताकद दाखवणारा रेशो, बिघडत नाही कारण त्यात डेप्रिसिएशन परत मिळवलेलं असतं, पण नेटवर्थ 8,55,000 ने उतरलाय, त्यामुळे टीओएल/टीएनडब्ल्यू, म्हणजे एकूण देणी भागिले टँजिबल नेटवर्थ, हा रेशो हलतो. सीझनच्या तोंडावर वर्किंग कॅपिटलची लिमिट रिन्यू करायची असते, आंबा घ्यायला रोख लागते, त्या वेळी बँकेतल्या साहेबांनी मागच्या वर्षीच्या फाईलमधला 1,71,50,000 आणि ह्या वर्षीच्या फाईलमधला 1,62,95,000 शेजारी ठेवून विचारण्याआधी, डिस्क्लोजर नोटमधलं तीन रकान्यांचं टेबल रिन्युअलच्या अर्जासोबतच जोडून द्या.